आठवीच्या मुलांना फोन घेऊन शाळेचा नकाशा काढू द्यावा का? मुख्याध्यापकांना द्यायचं पत्र टाकतोय, मत सांगा

भूगोलवाला (धागाकर्ता), नागपूर

मा. मुख्याध्यापक महोदय,
विषय: इयत्ता ८ वीच्या विद्यार्थ्यांना मोबाईलद्वारे शालेय आवाराचा नकाशा तयार करण्यास परवानगी मिळणेबाबत.
महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, वर्गातील ३६ विद्यार्थ्यांचे सहा गट करून दोन शनिवारी सकाळी ८ ते १० या वेळेत आवारातील नळ, झाडे, नाल्या, रॅम्प व अग्निशामक सिलिंडर यांची जागा मोबाईलच्या जीपीएसने नोंदवून नकाशा तयार करावयाचा आहे. तरी विद्यार्थ्यांना मोबाईल आणण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. आपला विश्वासू.

आमच्याकडे मुलांना फोनबंदी आहे, आवार साधारण दोन एकर. पत्र असंच देऊ का काही बदलू?

नंदनवनची आई

माझा स्पष्ट विरोध. माझी मुलगी आठवीतच आहे, घरात एकच फोन आणि तो तिच्या बाबांच्या कामाचा, ते सकाळी सातला घेऊन निघतात. मग तिनं काय हात हलवत यायचं आणि मैत्रिणीच्या फोनकडे बघत उभं राहायचं? आणि दुसरं, मागच्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा शाळेच्या मैदानावरचा फोटो कुणीतरी काढला आणि तो कुठल्या कुठल्या ग्रुपवर फिरला, ती पोरगी पंधरा दिवस शाळेत गेली नाही. नळाचा फोटो काढताना मागे कोण उभं आहे हे आठवीचं पोर बघत नसतं हो. पत्रात फोटोचं एक अक्षर नाही, म्हणजे त्याचा विचारच झालेला नाही.

बुटीबोरीचा भाऊ

सर, यात पडू नका. आमच्या शेताची हद्द शेजाऱ्यानं फोनमधल्या नकाशावर दाखवली, म्हणे तुमचा धुरा माझ्यात चार फूट आला, दोन वर्षं तोंड पाहिलं नाही एकमेकांचं. शेवटी सरकारी मोजणीचे पैसे भरले, मोजणीवाले आले तेव्हा कुठं मिटलं. शाळेची मोजणी करायची तर भूमी अभिलेखकडे अर्ज करा ना, पोरांना काहून लावता?

भूगोलवाला

भाऊ, हद्द मोजायची नाहीये, नळ आणि झाडं दाखवायची आहेत. पण तुमचं ऐकून वाटतंय की कंपाउंडची भिंत आहे तशी काढावी आणि खाली 'मालकी हद्द नव्हे' असं लिहावं.

मानेवाड्याचा कोडर

एवढं काय घाबरायचं, सरळ ओपनस्ट्रीटमॅपवर टाका, फुकट आहे, जगात कुणालाही दिसेल, पोरांना अभिमान वाटेल. आजकालचे फोन एक मीटरपर्यंत अचूक असतात. फक्त नेट चांगलं पाहिजे, नेट नसेल तर जीपीएस चालत नाही, तेवढी वायफायची सोय मागून घ्या पत्रात. आणि ताईंना सांगतो, फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की त्यातलं लोकेशन आपोआप निघून जातं.

झिरोमाईल

तीस वर्षं सर्वेत काढली, आता घरी असतो. मुलांनी नकाशा काढायला माझा शंभर टक्के पाठिंबा आहे, पण या पत्राला नाही, कारण पत्रात फोनकडून जे काम मागितलंय ते फोनला जमत नाही.

कोडर भाऊ, जीपीएसला नेट लागत नाही. फोन उपग्रहाचा सिग्नल फक्त ऐकतो, सिम काढलं तरी ऐकतो. नेट असलं तर पहिली जागा लवकर सापडते आणि मागे नकाशाचं चित्र दिसतं, एवढाच फरक. बंद डेटावर पहिल्यांदा एकदोन मिनिटं जास्त उभं राहावं लागेल. आणि एक मीटर म्हणता ते महागड्या फोनवर, मोकळ्या आभाळाखाली आणि नशीब चांगलं असलं तर. साधा फोन उघड्या मैदानात पाच मीटरच्या आसपास धरून चाला. भिंतीजवळ गेलात की सिग्नल भिंतीवर आपटून फोनपर्यंत येतो, त्याचा रस्ता लांबतो, फोनला ते कळत नाही आणि तो तुम्हाला भलतीकडे नेऊन ठेवतो. आता सर, शाळेत नळ कुठं असतात? भिंतीजवळ. झाडाखाली. म्हणजे जिथं फोन सगळ्यात जास्त चुकतो नेमकं तिथंच तुम्ही पोरांना उभं करताय.

दोन एकर म्हणजे अंदाजे नव्वद मीटर बाय नव्वद मीटर. ड्रॉइंग शीटवर १ सेंटीमीटर = २ मीटर घेतलं तर पंचेचाळीस सेंटीमीटरमध्ये अख्खं आवार बसतं. त्या कागदावर पाच मीटरची चूक म्हणजे अडीच सेंटीमीटर! नळ आणि त्याच्याजवळचा कडुलिंब यांची अदलाबदल होईल, नाली वर्गातून वाहील. उंचीचं तर नावच काढू नका, ती याहून वाईट येते. मुलांना झिरो माईलला घेऊन जा, तिथल्या १९०७ च्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी तीन दशांशांपर्यंत कोरली आहे, ती पातळी मोजत मोजत आणलेली आहे.

माझं ऐकाल तर आधी स्वतः एका नळापाशी उभे राहून तीन फोनवर बघा आणि मग पत्र द्या.

सिव्हिल लाईन्स

इथे कुणी कायद्याचं बोललंच नाही. नकाशा काढायला सर्वे ऑफ इंडियाची परवानगी लागते. मुख्याध्यापकांना तो अधिकारच नाही, उद्या कुणी तक्रार केली तर सर अडकतील.

झिरोमाईल

साहेब, आमच्या काळात तसं होतं, खरं आहे. पण १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राने नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशासाठी आधी परवानगी घ्यावी लागत नाही. संवेदनशील ठिकाणी काय दाखवायचं यावर बंधनं आहेत, पण शाळेचा नळ त्यात येत नाही. मुख्याध्यापकांची परवानगी लागते ती आवार आणि मुलं त्यांच्या ताब्यात आहेत म्हणून.

भूगोलवाला

झिरोमाईल काका, काल शाळा सुटल्यावर करून पाहिलं. मी, पीटीचे सर आणि क्लार्क, तिघांचे तीन फोन, मागच्या बाजूचा पिण्याच्या पाण्याचा नळ, दोन मजली इमारत समोर आणि वर कडुलिंब. तिघांनी एकाच जागी उभं राहून पिन टाकली. माझी पिन नळापासून चारेक मीटरवर पडली, पीटी सरांची मैदानात आणि क्लार्कची चक्क इमारतीच्या छपरावर. पत्र दिलं असतं आणि ३६ पोरांनी नोंदी आणल्या असत्या तर मी काय केलं असतं कोण जाणे. एक लक्षात आलं, ठिपक्याभोवती ते निळं वर्तुळ असतं ना, क्लार्कच्या फोनवर ते अर्ध्या इमारतीएवढं होतं, फोन स्वतःच सांगत होता की मला नक्की माहीत नाही, आम्हीच बघत नव्हतो. दोन मिनिटं थांबल्यावर ते लहान झालं पण पिन काही नळावर आली नाही.

मग काय करायचं? टेप घेऊन पूर्ण आवार मोजायचं तर दोन शनिवार पुरणार नाहीत.

झिरोमाईल

पूर्ण मोजू नका. इमारतीचे कोपरे आधी पक्के करा, बाकी सगळं त्यांच्यावरून बांधायचं. समजा मागच्या भिंतीचे दोन कोपरे २४ मीटर अंतरावर आहेत. एका कोपऱ्यापासून नळापर्यंत टेप लावली, ११ मीटर ४० सेंटीमीटर आली. दुसऱ्यापासून १७ मीटर ८०. शीटवर भिंत १२ सेंटीमीटरची रेघ. पहिल्या कोपऱ्यावर कंपास ठेवून ५.७ सेंटीमीटरचा कंस, दुसऱ्यावरून ८.९ चा. दोन्ही जिथं छेदतात तिथं नळ, भिंतीपासून बरोबर आठ मीटरवर. कंस भिंतीच्या पलीकडेही छेदतात पण नळ वर्गात नाही हे पोरांना दिसतंच. टेपमध्ये दहा सेंटीमीटर चुकलं तरी कागदावर अर्धा मिलिमीटर, पेन्सिलच्या टोकाएवढं.

एक गोष्ट मात्र सोडू नका, तिसरं माप. ध्वजाच्या खांबापासून नळ किती हे मोजायचं आणि कागदावरच्या अंतराशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर टेप कुठेतरी झाडाला वळसा घालून गेली किंवा पोरांनी आकडा उलटा लिहिला, ११.४० चं १४.१० होतं, माझ्या टीममध्येही व्हायचं. ते जागेवरच कळतं, घरी गेल्यावर नाही. एक गट एका सकाळी दहा-बारा वस्तू आरामात बांधतो, म्हणजे सहा गटांत तुमचं आवार होऊन जातं.

मानेवाड्याचा कोडर

काका, नेटचं माझं चुकलं, मान्य. पण मग फोन कशाला हवा? आणि इमारतीचे कोपरे सॅटेलाईट फोटोवरून ट्रेस केले तर अर्धं काम वाचेल की.

झिरोमाईल

कोपऱ्यांचा कच्चा आराखडा ट्रेस करा, हरकत नाही, पण त्या फोटोत छप्पर दिसतं, भिंतीचा पाया नाही, उंच इमारतीचं छप्पर एका बाजूला कललेलं असतं. म्हणून एक-दोन भिंती टेपने मोजून बघायच्या. फोन हवा तो नोंदीसाठी. नळ गळतो का, तोटी आहे का, सिलिंडरवर पुढच्या तपासणीची तारीख काय लिहिली आहे, त्याचा जवळून फोटो. त्याला गटाला एक फोन पुरे, ३६ नको.

नंदनवनची आई

गटाला एक आणि तो शिक्षकांचा असेल तर माझा अर्धा विरोध गेला. पण व्हॉट्सॲपचं जे वर लिहिलंय ते अर्धवट आहे हो, माझे मिस्टर कामाचे फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवतात, त्यात लोकेशन तसंच राहतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच लोकेशन बंद करायला सांगा. मुलींच्या टॉयलेटच्या बाजूला कुठलाच फोन नको, तिकडचे नळ मुलींनी टेपने मोजून कागदावर लिहावेत.

भूगोलवाला

ताई, घेतलं सगळं. पत्राचा मुख्य भाग आता असा केलाय:

"…आवारातील वस्तूंच्या जागा विद्यार्थी टेप व कंपासच्या साहाय्याने निश्चित करतील. विद्यार्थी स्वतःचा मोबाईल आणणार नाहीत. प्रत्येक गटास शिक्षक/कर्मचाऱ्यांचा एक मोबाईल, डेटा व कॅमेऱ्याचे लोकेशन बंद करून, केवळ वस्तूंच्या जवळून छायाचित्रासाठी देण्यात येईल. छायाचित्रात कोणीही व्यक्ती येणार नाही. स्वच्छतागृहाच्या परिसरात मोबाईल वापरला जाणार नाही. सर्व छायाचित्रे त्याच दिवशी शाळेच्या संगणकावर घेऊन मोबाईलमधून काढून टाकण्यात येतील. नकाशावरील रेषा मालकी हद्द दर्शविणार नाहीत. याकामी ३० मीटरच्या सहा टेप आवश्यक आहेत."

ओपनस्ट्रीटमॅपचं मात्र ठरत नाहीये. कोडर म्हणतो टाका, मलाही आतून वाटतं टाकावं, निदान इमारत, गेट आणि रॅम्प तरी.

नंदनवनची आई

गेट सगळ्यांना रस्त्यावरून दिसतं, ते टाका. पण आत मुलींचे वर्ग कुठे, पाणी प्यायला त्या कुठे जातात, हे बाहेरच्या माणसाला कशाला? आणि एकदा टाकलेलं पुसलं तरी मागे राहतं ना?

मानेवाड्याचा कोडर

हो, जुन्या एडिटचा इतिहास राहतो. पण ताई, व्हीलचेअरवरच्या मुलाच्या पालकांना ॲडमिशनच्या आधी रॅम्प कुठल्या बाजूला आहे हे दिसलं तर त्यांची एक चक्कर वाचते. माझा भाऊ होता तसा, आम्ही त्याला उचलून तीन शाळांच्या पायऱ्या चढलोय.

नंदनवनची आई

रॅम्पचं मी नाही म्हणणार नाही. नळ आणि वर्गांचं अजूनही नाहीच. सर, ही एक गोष्ट पत्रात घालू नका, पालक सभेत विचारा.

बुटीबोरीचा भाऊ

सर, टेप कापडी घेऊ नका, ओढली की लांबते. आमच्या मोजणीत तेच झालं होतं, शेजाऱ्यानं घरची आणली होती. स्टीलची मागा.