मदत हवी आहे: ओझोनचे भोक आणि तापमानवाढ एकत्र लिहिलेल्या उत्तरांना गुण कसे द्यावेत?

डिचोलीची_बाई
नमस्कार. नववीचे पेपर तपासायला घेतलेत आणि एकाच प्रश्नावर दोन दिवस अडकले आहे. प्रश्न चार गुणांचा आहे: 'सीएफसीचे वातावरणावर होणारे परिणाम स्पष्ट करा.' उत्तरसूची मीच केली आणि तिच्यात फक्त ओझोन लिहिला. निम्म्याहून जास्त मुलांनी तापमानवाढ आणली आहे. तीन नमुने देते.

अ: 'सीएफसीमुळे ओझोनला भोक पडते. त्या भोकातून सूर्याची उष्णता आत येते, पृथ्वी तापते आणि बर्फ वितळतो.'

आ: 'सीएफसीमुळे ओझोनचा थर विरळ होतो, अतिनील किरण जास्त येतात, त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. शिवाय सीएफसी पृथ्वीची उष्णता अडवतो, म्हणून तापमान वाढते.'

इ: 'सीएफसी आणि कार्बन डायऑक्साइड वाढला की ओझोन कमी होतो.'

अ आणि आ दोघांना दोन-दोन दिले, इ ला एक. 'तापमान' शब्द दिसला की लाल रेघ, असाच हात चालत होता. रात्री आ पुन्हा वाचले आणि मन खायला लागले. गठ्ठा सोमवारी परत करायचा आहे. काय करू?

सांखळीकर
बाई, सीएफसी हा हरितगृह वायू आहे, आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटीने जोरकस. तेव्हा अ आणि आ दोघांचेही बरोबर आहे, दोघांना चार द्या. शेवटी तापमान वाढते हे खरेच ना?

जुना_परीक्षक
सांखळीकर, तुमचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण त्यावरून अ बरोबर ठरत नाही. बाई, मी पंचवीस वर्षे विज्ञानाचे पेपर तपासले. अशा उत्तरात मी शब्द मोजत नाही, बाण बघतो: कुठला किरण, कुठून कुठे चालला आहे, आणि त्याला कोण अडवतो.

ओझोनच्या गोष्टीत किरण वरून खाली येतो. तो अतिनील, आणि त्याला अडवणारा ओझोन साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर. तापमानवाढीच्या गोष्टीत किरण खालून वर जातो. ऊन खाऊन तापलेली जमीन आणि समुद्र जी उष्णता परत फेकतात ती ही, आणि तिला हवेतले वायू अडवतात. एका गोष्टीत पडदा फाटला म्हणून नुकसान, दुसरीत गोधडी जाड झाली म्हणून. अ ने फाटलेल्या पडद्यातून गरमी आत आणली. ओझोन जे किरण अडवतो ते सूर्याच्या एकूण ऊर्जेत अगदी थोडे असतात. उलट ओझोन ते शोषून स्वतःच्या आसपासची हवा तापवतो, म्हणून तो घटला की वरची हवा थंड होते. त्याचा जमिनीवरचा निव्वळ परिणाम किंचित गारव्याकडेच झुकतो.

मुलांचा गोंधळ होतो कारण दोन्ही गोष्टींत पात्र एकच आहे. सीएफसीचा रेणू अखंड असतो तोवर खालून जाणारी उष्णता अडवतो. कित्येक वर्षांनी तो वर पोचतो, तिथे अतिनील किरण त्याला फोडतात, क्लोरीन सुटतो आणि तो ओझोन मोडतो. मोडताना क्लोरीन संपत नाही, म्हणून एकच अणू हजारो रेणू मोडू शकतो. अखंड असताना एक काम, फुटल्यावर दुसरे. आ ने नेमके हेच दोन वेगळ्या वाक्यांत लिहिले आहे. तिथे 'शिवाय' हा शब्द पाहा. अ कडे 'शिवाय' नाही, 'त्या भोकातून' आहे. माझ्या मते आ ला चार, अ ला एक.

पर्वरीचा_एसीवाला
मी मास्तर नाही, एसी दुरुस्त करतो, पण हे रोजचे आहे. जुन्या मशीनमध्ये आर-२२ असायचा. तो ओझोनही खातो आणि तापवतोही. आता बहुतेक आर-३२ येतो, डब्यावर ओझोनला सुरक्षित असे लिहिलेले. खरेच आहे, त्यात क्लोरीनच नाही. गिऱ्हाईक म्हणते, मग सोडा की हवेत, काय बिघडते? बिघडते. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-३२ म्हणजे सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड. एका स्प्लिट एसीत किलोभर तरी भरतो. म्हणून मी गॅस काढून सिलिंडरमध्ये घेतो, वेळ गेला तरी.

जुना_परीक्षक
बाई, हे उदाहरण वर्गात न्या. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत याचा याहून चांगला पुरावा नाही. ओझोनला धक्का न लावता पृथ्वी तापवणारा वायू डब्यात मिळतो. म्हणून तर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने सीएफसी थांबवले तरी २०१६ मध्ये किगालीत हे नवे वायू कमी करण्यासाठी त्याच कराराला दुरुस्ती जोडावी लागली.

मडगावची_आई
माझ्या लेकाला क्रिकेटनंतर मेमध्ये कातडी सोलवटते. म्हणजे गोव्यावरही ओझोनला भोक पडलेय ना? शाळेने खेळाच्या वेळा बदलाव्यात.

जुना_परीक्षक
ताई, वेळ बदलण्याची मागणी रास्त आहे, कारण मात्र वेगळे. एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो आणि आपल्या पट्ट्यात ओझोनचा थर मुळातच पातळ. भोक पडते ते अंटार्क्टिकावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. तिथे वरची हवा हिवाळ्यात उणे ७८ अंशांखाली जाते, बर्फाळ ढग बनतात, त्यांच्यावर क्लोरीन मोकळा होण्याची तयारी होते, आणि सूर्य परतला की मोडतोड सुरू. आपल्या वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची मैत्री आणि भारती ही ठाणी त्याच आकाशाखाली आहेत.

बाई, अ लिहिणाऱ्या मुलाला एवढेच विचारा: मोठे भोक अंटार्क्टिकावर पडते, मग सगळ्यात झपाट्याने आर्क्टिक का तापतो आहे?

सांखळीकर
अ बद्दल माघार घेतो. 'त्या भोकातून' हे मी वाचूनही वाचले नव्हते. पण एक गुण फारच कमी वाटतो. सीएफसीने ओझोन विरळ होतो हे पहिले वाक्य बरोबर आहे, त्याचे दोन द्या. चुकीच्या वाक्याला शून्य द्या, पण बरोबर वाक्याचा गुण कापू नका.

डिचोलीची_बाई
देव बरें करूं. आ ला चार केले, आणि तसेच लिहिणारी आणखी सहा मुले सापडली, त्यांचेही वाढवले. उत्तरसूचीत 'सीएफसी उष्णता अडवतो' हा मुद्दा घातला. अ ला दोन ठेवते, सांखळीकरांचे पटले, पण शेजारी बाणांची आकृती काढून दिली आहे.

राहिले इ. त्या मुलीला विचारले, 'सगळे सीएफसी संपले तर पृथ्वी तापायची थांबेल का?' ती म्हणाली, 'नाही, गाड्यांचा धूर आहे ना.' म्हणजे तिला फरक कळतो, मग कार्बन डायऑक्साइड ओझोनशी का जोडला?

जुना_परीक्षक
प्रश्न चांगला विचारलात. इ वर मी ठाम नाही. शाळेच्या पातळीवर वाक्य चूक, कारण कार्बन डायऑक्साइड क्लोरीनसारखा ओझोन मोडत नाही. पण तो वरची हवा थंड करतो. त्याने फार उंचावर ओझोन मोडणे मंदावते, तर ध्रुवावर तेच बर्फाळ ढग वाढायला मदत होऊ शकते. नववीच्या मुलीला हे ठाऊक असेल असे नाही. मी एकच गुण दिला असता.

सांखळीकर
आणि मी दीड. सीएफसीही लिहिलाय तिने.

डिचोलीची_बाई
तिने वाक्य कुठून घेतले ते उद्या तिची वही बघून कळेल. वर्गात फळ्यावर मीच दोन्ही वायू एका कंसात लिहिले होते का, तेही बघायचे आहे. तसे असेल तर त्या वाक्यावर कुणाचाच गुण कापणार नाही.