सोपा प्रश्न कोणता, हे कोण ठरवणार?

कोरी पाटी: दोन दशांश संख्यांपैकी मोठी कोणती, की दोन्ही सारख्या, एवढ्याच घटकावर आमच्या क्विझमध्ये 40 प्रश्न आहेत. उत्तर बरोबर आलं की क्विझ मुलाला वरच्या, कठीण प्रश्नाकडे नेते, चुकलं की खालच्या, सोप्याकडे. किती टक्के उत्तरं बरोबर आली ते पाहून सोप्याकडून कठीणकडे लावले. विषय संपला. शिक्षकांचे अंदाज हवेत कशाला?

टिपकागद: हे वाचून राहवलं नाही. टक्के चालू क्विझमधलेच ना? मग वरचे प्रश्न फक्त खालचे सोडवून वर गेलेल्या मुलांनीच पाहिले. त्यांच्यापैकी 80 टक्क्यांना ते जमले, कारण ती मुलं तयारीची होती. सुरुवातीचा प्रश्न मात्र सगळ्यांनाच येतो, त्याचे 65 टक्के. तुमच्या यादीत कठीण प्रश्न त्याच्याहून सोपा ठरला! आधी सगळे प्रश्न सगळ्या प्रकारच्या मुलांना सरमिसळ वाटा, मग मोजा.

सायलीची आई: माझ्या मुलीचं बोट चुकून दुसऱ्या पर्यायावर पडलं. क्विझने तिला थेट तळाला नेलं. अर्धा तास तेच ते बाळबोध प्रश्न. रडली पोर. आधी हे सुधारा!

कोरी पाटी: ताई, इथे प्रश्नांच्या क्रमाबद्दल चाललंय.

सायलीची आई: क्रम कशासाठी असतो? मुलांसाठीच ना? एका चुकीवर किती पायऱ्या खाली उतरवायचं, हे का नाही बोलत कुणी?

टिपकागद: त्यांचा मुद्दा रास्त आहे. एका चुकीवर एकच पायरी उतरवा, लागोपाठ दोन चुका झाल्या तर जास्त.

कोरी पाटी: म्हणजे अंदाजाने उत्तर मारणाराही वरच राहणार. तीन पर्यायांत सरासरी तिनातून एकदा तुक्का लागतोच.

टिपकागद: म्हणून तर वर चढवतानाही एका बरोबर उत्तरावर विसंबू नका. दोन मागा.

जुनी फळी: तुम्ही पायऱ्या मोजत बसलात. पंचवीस वर्षं हाच घटक शिकवतोय. 0.8 मोठा की 0.35? काही मुलं 35 हा आकडा बघून 0.35 म्हणतात. 0.736 आणि 0.62 मध्ये तीच मुलं बरोबर येतात, तेही चुकीच्याच कारणाने. उलट, ‘जास्त आकडे म्हणजे लहान संख्या’ असं धरून बसलेलं मूल पहिला सोडवतं, दुसरा चुकतं. सांगा, यातला सोपा कोणता? टक्के कदाचित दोन्हींचे सारखेच येतील. हे तुमच्या यंत्राला नाही दिसत, वर्गात उभ्या माणसाला दिसतं.

कोरी पाटी: वर्गातला अनुभव म्हणून दरवेळी आम्हाला गप्प बसवायचं का? 0.5 आणि 0.50 चा प्रश्न आमच्या शिक्षकांनी सर्वात सोपा म्हणून पहिला ठेवला होता. निम्मी मुलं तिथेच अडकली.

जुनी फळी: तो पहिला ठेवणं चूकच. शून्याचा गोंधळ वेगळा असतो.

टिपकागद: सर, तुमचं उदाहरण पटलं. अशा जोड्या एका शिडीत बसत नाहीत. दोन्ही प्रकारचे प्रश्न आलटूनपालटून द्यावे लागतील, आणि दोन्ही बरोबर आल्याशिवाय वरची पायरी नाही.

कोरी पाटी: सरमिसळ वाटून पुन्हा मोजतो, तेवढं मान्य. पण दोन शिड्या ठेवल्या, तर 40 प्रश्न पुरायचे नाहीत.

सायलीची आई: आणि बोट चुकलं तर?