'शॉर्ट', 'तूट', 'घट', 'नापास': बिल अडवताना शेऱ्यात नेमकं काय लिहायचं?

नवा_कारकून
मंडळी, एक शब्दाची अडचण आहे. मी बिल पासिंगला बसतो, म्हणजे व्हेंडरचं बिल आलं की शेजारी स्टोअरचा जीआरएन ठेवायचा, नग जुळतात का बघायचं, कमी भरले तर पेमेंट सुटायच्या आत शेरा मारून बिल अडवायचं. आमच्याकडे आजवर सगळे एकच शेरा मारत आलेत, 'शॉर्ट'. आता साहेबांचं म्हणणं आहे की शेरे मराठीत आणि नीट ठरवून दे. शोधाशोध केली तर तूट, घट, कमी आवक, कमतरता एवढे सापडले. हे सगळे एकच का? शिवाय जीआरएनवर चार रकाने असतात, चलनाप्रमाणे, प्रत्यक्ष मिळाले, पास आणि रिजेक्ट, तर बिल नक्की कुठल्या रकान्याशी लावायचं? आमच्यातच दोन मतं आहेत.

मोकळा_वेळ
तूट हा शब्द जमाखर्चात खर्च जास्त झाला की वापरतात ना, अर्थसंकल्पीय तूट वगैरे. मालाला कसा चालेल?

नवा_कारकून
चालतो हो, वजनात तूट, मापात तूट असं म्हणतोच की आपण. पैशाचा प्रश्न नाहीये इथे, नगांचा आहे.

सरळ_हिशोब
एवढं काय त्यात. तूट आणि घट एकच, कुठलाही लिहा. बिल पासच्या रकान्याशी लावायचं, जेवढा माल पास तेवढेच पैसे, बाकीची डेबिट नोट काढून मोकळं व्हायचं. आणि एक-दोन टक्के फरक असेल तर सोडून द्यायचा, तेवढा टॉलरन्स असतोच सगळीकडे.

खतावणी
सरळ_हिशोब, पैसे पासच्या आकड्यावर हे बरोबर, पण 'बाकीची डेबिट नोट काढून मोकळं' इथेच सगळा घोळ होतो, कारण बाकीचं म्हणजे एकच गोष्ट नसते. चार आकडे शेजारी शेजारी मांडा, बिल, चलन, मिळालेले, पास. फरक तीन ठिकाणी पडू शकतो. बिल आणि चलन यांच्यात फरक असेल तर माल पाठवलाच नाही आणि बिल लावलं, त्याला मी 'जादा बिल' लिहिते. चलन आणि मिळालेले यांच्यात असेल तर कागदावर आहे पण दारात आला नाही, ती 'तूट'. आणि मिळालेले आणि पास यांच्यात असेल तर माल आलाय, आपल्याच स्टोअरमध्ये पडलाय, फक्त तपासणीत नापास झालाय.

उदाहरण घेऊ. बिल 1200 नगांचं. माल दोन खेपांत आला म्हणून जीआरएन दोन. पहिल्यावर चलन 700, मिळाले 700, पास 700. दुसऱ्यावर चलन 500, मिळाले 480, पास 455. दोन्ही चलनांची बेरीज 1200 म्हणजे जादा बिल नाही. पास एकूण 1155, बिलापेक्षा 45 कमी. आता शेऱ्यात '45 शॉर्ट' लिहिलं तर आकडा चूक नाही, पण पुढे बघा काय होतं. त्या 45 मधले 20 मुळात आलेच नाहीत आणि 25 आपल्या कोपऱ्यात रिजेक्टची चिठ्ठी लावून पडलेत. व्हेंडरला 45 तुटीची डेबिट नोट गेली की तो दुसऱ्या जीआरएनची प्रत मागतो, तिच्यावर 480 मिळाल्याची सही असते, आणि विचारतो माझे 25 नग गेले कुठे. इकडे ते 25 नग ना आपल्या साठ्यात ना परत पाठवायच्या यादीत, कारण अकाउंटच्या लेखी ते आलेच नव्हते.

म्हणून शेरा दोन ओळींचा. '20 तूट, दुसऱ्या चलनावर.' '25 नापास, परत पाठवणे बाकी.' वीसची डेबिट नोट लगेच निघते, परत पाठवायला काही नाहीच. पंचवीसचं आधी खरेदीवाल्यांना विचारायचं, माल परत घेऊन हिशोब कमी करणार की बदली माल देणार. बदली माल त्याच बिलावर फुकट येणार असेल आणि आपण डेबिट नोटही काढून बसलो तर तो एकाच पंचवीस नगांसाठी दोनदा भरतो, आणि भांडण सुरू.

सरळ_हिशोब
बरं, 25 चं पटलं. पण टॉलरन्सचं काय? सिस्टीमच सोडते थोडा फरक, आपण कशाला अडवायचा?

खतावणी
सिस्टीमने सोडला म्हणजे व्हेंडरला माफ झाला असं नाही ना. ती सूट कारकुनाचा वेळ वाचावा म्हणून ठेवलेली असते. आणि घट म्हणाल तर तो शब्द मी फक्त अशा मालाला ठेवते जो आपोआप कमी होतो, ओलावा सुकतो, द्रव उडून जातो, पावडर गोणीतून झिरपते. किती टक्के घट मान्य ते पीओत लिहिलेलं असेल तरच मान्य, नसेल तर तीही तूटच. मोजून घ्यायच्या मालाला घट हा शब्दच लागत नाही, बोल्ट काही वाटेत वाळत नाहीत 😄

स्क्रीनसमोर
टॉलरन्सवर थोडी भर. आम्ही एसएपीवर आहोत, तिथे MIRO मध्ये बिल टाकलं की नगांच्या फरकाची DQ नावाची मर्यादा तपासली जाते, पण ती नुसते नग बघत नाही, फरकाचे नग गुणिले पीओचा रेट अशी किंमत काढून ती मर्यादेशी लावते. त्यामुळे स्वस्त वॉशर शेकड्यांनी कमी आले तरी बिल अडत नाही आणि महागडा एक व्हॉल्व्ह कमी आला की लगेच ब्लॉक. म्हणून सिस्टीमने अडवलं नाही म्हणजे माल पूर्ण आला हे समीकरण डोक्यातून काढा, स्वस्त आयटमची यादी महिन्यातून एकदा वेगळी काढून बघावी लागते.

दुसरं म्हणजे खतावणीताईंच्या 'नापास'बद्दल. तपासणीत असलेला माल 101 ने आत घेतला की सिस्टीमच्या लेखी तो मिळालेला असतो, बिलाची जुळणी त्याच आकड्याशी होते. तपासणीवाल्यांनी 25 रिजेक्ट केले तरी 122 करून ते व्हेंडरला परत दाखवेपर्यंत सिस्टीमला तो फरक दिसतच नाही. म्हणजे ताईंच्या उदाहरणात सिस्टीम 20 वर अडेल, 25 वर अडणार नाही.

नवा_कारकून
अरे बापरे, म्हणजे दोन मतं होती ती यामुळेच. एक जण म्हणत होता मिळालेल्याशी लावा, सिस्टीम तसंच करते.

तागेवाला
माझं थोडं वेगळं आहे, विषयात बसतं का बघा. आम्ही कापड घेतो. बिलावर 12 तागे, 1200 मीटर. स्टोअरचा माणूस जीआरएनवर लिहितो 12 तागे, मिळाले 12, पास 12. अकाउंटला सगळं जुळलेलं दिसतं आणि पेमेंट सुटतं. मग कटिंगला तागे उलगडले की कुठे 97 मीटर, कुठे 94, आणि तोवर पैसे गेलेले. व्हेंडर म्हणतो तुम्ही पास म्हणून सही दिलीय. याला तूट म्हणायचं की काय म्हणायचं?

खतावणी
तूटच, पण मापातली, आणि ती तुमच्या जीआरएनवर दिसणारच नाही कारण तुम्ही ज्यात पैसे देता त्यात मोजतच नाही. रेट मीटरला आहे ना? मग जीआरएनवर मिळालेले मीटर आले पाहिजेत, तागे नुसते बाजूला टीप म्हणून. सगळे उलगडणं जमत नसेल तर प्रत्येक खेपेतले काही मोजा, कमी निघाले तर बाकीचेही मोजायचे, आणि तोवर पासच्या रकान्यात काही लिहायचं नाही. बॉक्स आणि नग, ड्रम आणि किलो, सगळीकडे हेच. बिल जुळवताना आकड्याच्या आधी एकक वाचायचं.

तागेवाला
तागा मोजायला मशीन लागतं हो, आमच्याकडे नाही. कटिंगवाल्यांच्या मोजणीवर व्हेंडर विश्वास ठेवत नाही. बघू.

गेटवरचा
मी स्टोअरला आहे, म्हणून आमच्या बाजूने बोलतो. गाडी संध्याकाळी येते, ड्रायव्हर घाईत, माणसं दोन, मग चलनावरचा आकडाच मिळालेल्यात उतरतो, हे खरं आहे, उगाच नाही कशाला म्हणू. अकाउंटवाल्यांना ओळखायचं असेल तर सांगतो, ज्या व्हेंडरचे सगळे जीआरएन चलनाशी शंभर टक्के जुळतात आणि जीआरएनची वेळ गेट एंट्रीच्या पाचदहा मिनिटांत आहे तिथे मोजणी झालेली नसते. पाच हजार नग दहा मिनिटांत कोण मोजणार. वजनाच्या मालाला काट्याची पावती मागा, भरलेल्या गाडीचं आणि रिकाम्या गाडीचं अशी दोन्ही वजनं वेगवेगळ्या वेळांची हवीत. एकाच वेळेची दोन वजनं दिसली तर रिकामी गाडी काट्यावर गेलेलीच नाही, जुनं वजन उतरवलंय.

आणि ताई, तुमच्या 'तूट'मध्ये अजून दोन प्रकार आहेत. सील फुटलेलं, पेटी उघडी असेल तर वाटेत गेला. सील शाबूत आणि आत कमी तर भरतानाच कमी भरला. पहिल्यात ट्रान्सपोर्टवाल्याच्या कागदावर तिथल्या तिथे 'इतके नग कमी, पेटी उघडी' असं लिहून ड्रायव्हरची सही घ्यावी लागते, नंतर कोणी ऐकत नाही.

खतावणी
हे मात्र मी सोडलं होतं. आणि माल व्हेंडरच्या दारातून आपल्या जोखमीवर उचलायचा करार असेल तर वाटेतली तूट त्याच्या बिलातून कापताच येत नाही, ट्रान्सपोर्टवर किंवा विम्यावर दावा करावा लागतो. म्हणजे तुटीच्या शेऱ्यात 'सील शाबूत' किंवा 'सील तुटलेलं' हे दोन शब्द जोडायला हवेत. ते स्टोअरनेच लिहायचे, अकाउंटला टेबलावर बसून कळणार नाही.

सरळ_हिशोब
मग संपूर्ण बिल होल्डवर टाकायचं की 1155 चे पैसे सोडून 45 चे अडवायचे? आम्ही पूर्ण अडवतो, त्याशिवाय व्हेंडर हलत नाही.

स्क्रीनसमोर
आमच्याकडे पास झालेल्याचे पैसे वेळेत सोडतात. 45 साठी 1155 चे अडवले की लहान व्हेंडर पुढच्या खेपेला मालच उशिरा देतो.

खतावणी
यावर आमच्याच ऑफिसात एकमत नाही. मी सोडण्याच्या बाजूची आहे, पण डेबिट नोट आधी आणि पेमेंट नंतर, उलट झालं की तीच वसुली महिनोन्‌महिने लोंबकळते.

नवा_कारकून
मी असे शेरे लिहून घेतले: 'जादा बिल', 'तूट, सील शाबूत', 'तूट, सील तुटलेलं', 'घट, पीओप्रमाणे मान्य' आणि 'नापास, परत बाकी'. 'कमी आवक' आणि 'कमतरता' काढून टाकले, त्यातून कोण जबाबदार ते कळतच नाही. एक राहिलं, नापासच्या जागी बदली माल आला की त्याचा जीआरएन नवा होणार, मग त्या 25 नगांच्या पैशांची मुदत मूळ बिलाच्या तारखेपासून धरायची की नव्या जीआरएनपासून?

गेटवरचा
आमचे व्हेंडर मूळ तारीख म्हणतात, आमचे साहेब नवी.