तेल भडकल्यावर व्याज वाढवून कुणाचं भलं होतं?

सूतगुंता
तेल महागतं आखातात आणि व्याज वाढतं आमच्या कॅश क्रेडिटचं. २०२२ मध्ये युद्धाने तेल भडकलं. रिझर्व्ह बँकेने मेपासून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत रेपो, म्हणजे बँकांना ती ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ वरून साडेसहावर नेला. व्याज वाढवल्याने विहिरीला तेल लागतं का? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेला, फेडला, तर भाव आणि रोजगार दोन्ही सांभाळा असं कायद्यानेच सांगितलंय. भाव चढतायत आणि कामही जातंय, अशा वेळी त्यांनी तरी काय करावं? माझ्या मते दर उतरवावेत, निदान हात तरी लावू नये. उलट मत असेल तर मांडा.

आकडेमोड
मालक, पहिल्या उडीपुरतं तुमचं खरं आहे. तेल आयात करणारा देश त्या दिवशी तेवढा गरीब झालेलाच असतो, व्याज काहीही ठेवा. प्रश्न असतो दुसऱ्या फेरीचा: तो भार जो तो पुढच्याच्या अंगावर ढकलायला लागला की काय होतं?

तुमचाच उपाय अमेरिकेत करून झालाय. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये तेलबंदी झाली आणि पिंपाचा भाव तीन डॉलरच्या आसपास होता तो जानेवारीत साडेअकराच्या वर गेला. फेडचे अध्यक्ष आर्थर बर्न्स यांनी आधी दर चढवले, जुलै १९७४ मध्ये जवळपास १३ टक्क्यांपर्यंत. मग कारखाने बसायला लागले आणि त्यांनी दर झपाट्याने उतरवले. मार्च १९७५ मध्ये दर साडेपाचच्या आसपास होता आणि महागाई अजून १० च्या वर. म्हणजे कर्ज काढून माल भरून ठेवणारा फायद्यात. त्या मे महिन्यात बेकारी ९ टक्क्यांना टेकली, त्यामुळे त्या वेळी हे फार कुणाला खटकलं नाही.

रोखठोक
बर्न्स घाबरट होता, एवढंच. निक्सनचा माणूस. व्होल्करने १९७९ मध्ये फेडचा अध्यक्ष म्हणून येऊन दर २० टक्क्यांपर्यंत नेले आणि महागाई संपवली. दम असेल तर दुहेरी जबाबदारी वगैरे काही आडवं येत नाही. आधी भाव मोडा, रोजगार मागून येतो.

सूतगुंता
मागून म्हणजे किती मागून? तोवर मागावरचा माणूस खाणार काय?

आकडेमोड
रोखठोक, व्होल्करबद्दल अर्धं खरं आहे. महागाई १९८० मध्ये साडेचौदाच्या वर होती, ती १९८३ मध्ये ४ च्या खाली आली. पण १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली. घरं बांधणारे लोक फेडला लाकडाचे ठोकळे पोस्टाने पाठवत होते: घरं विकली जात नाहीत, हे तुम्हीच ठेवा. त्यात १९८१ नंतर तेलही उतरायला लागलं होतं. सगळं श्रेय एकट्या व्याजाला देऊ नका.

बर्न्स यांच्यावर निक्सनचा दबाव होता, ते नोंदीत आहे. पण निक्सन ऑगस्ट १९७४ मध्येच गेले. १९७५ ची चूक मला जास्त करून मोजमापाची वाटते. अर्थतज्ज्ञ अथानासिओस ऑर्फानिडेस यांनी नंतर त्या काळी फेडच्या टेबलावर असलेले आकडेच काढून तपासले. अर्थव्यवस्थेत भरपूर ढील आहे, मागणी वाढवली तरी भाव चढणार नाहीत, असं त्या आकड्यांवरून दिसत होतं. प्रत्यक्षात उत्पादनाची ताकदच घटली होती. महाग तेलावर जे यंत्र परवडत नाही ते बंद पडलेलं दिसतं, पण ते मोकळं नसतं, बाद झालेलं असतं. स्वस्त कर्जाने ते चालू होत नाही, फक्त उरलेल्या मालाचा भाव चढतो.

आणि हा भेद त्या क्षणी कळत नाही. खरी अडचण इथे आहे, दम असण्या-नसण्यात नाही.

होटगीरोड
माझं घराचं कर्ज फ्लोटिंगवर आहे. तेल चढणार असं वाटत असेल तर फिक्स्ड करून घेऊ का? पेनल्टी किती लागते?

रोखठोक
साहेब, धागा चुकला. बँकेत विचारा.

सूतगुंता
मी माझा हिशोब टाकतो, मग बोला. कॅश क्रेडिटची मर्यादा ४० लाख. व्याज दीड टक्का वाढलं तर वर्षाला ६० हजार, म्हणजे महिन्याला ५ हजार. टॉवेलला महिन्याला ८ हजार किलो सूत लागतं. किलोमागे २० रुपये वाढले की दीड लाखाच्या वर गेले. रंग, केमिकल, ट्रकभाडं वेगळंच. म्हणजे व्याजाने मी मरत नाही, हे मान्य. पण २५० चं सूत २७० ला गेलं की त्याच ४० लाखांत १६ हजार किलोऐवजी १४,८०० च किलो बसतं. मर्यादा वाढवून मागायला जावं, तर नेमकं तेव्हाच बँक हात आखडता घेते. आणि व्यापारी म्हणतो, पुढच्या महिन्यात बघू. माग व्याजाने नाही, ऑर्डरने थांबतो.

आकडेमोड
दर वाढवणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं, मालक. कडू आहे, पण यंत्रणा तीच. ऑर्डर थांबल्या की तुम्ही भाव पुढे ढकलू शकत नाही.

जुळेसोलापूर
काका, ढकलायची ताकद कुणाकडे असते ते बघा ना. अमेरिकेत मोठ्या युनियनच्या करारांत महागाईबरोबर पगार आपोआप वाढायची कलमं होती. म्हणून तिथे दुसरी फेरी फिरली. आपल्याकडे किमान वेतनाचा विशेष भत्ता सहा महिन्यांनी निर्देशांकाप्रमाणे बदलतो, आणि त्यासाठी जिथले भाव घेतात त्या केंद्रांत सोलापूर आहे. पण नगावर काम करणाऱ्याला तो प्रत्यक्षात मिळतो का? माझी आई विड्या वळते. तेल महागलं म्हणून तिची मजुरी वाढलेली मी पाहिली नाही. दुसरी फेरी इथे मजुरीतून फिरतच नसेल, तर दर वाढवून तुम्ही कुणाची रग जिरवताय?

आकडेमोड
ताई, मुद्दा वजनदार आहे. मजुरीतून कमी फिरते हे मान्य. पण भाडं, शाळेची फी, हॉटेलातली थाळी यांचा तेलाशी थेट संबंध नाही, तरी ते चढायला लागले आणि तेल उतरल्यावरही उतरले नाहीत, तर ती दुसरी फेरीच. मी इंधन आणि भाजीपाला बाजूला ठेवून उरलेल्यांचे भाव बघतो. अमेरिकेत महागाई १९७६ च्या अखेरीस ५ च्या आसपास आली होती, सगळ्यांना वाटलं जमलं. १९७८ च्या अखेरीस ती ९ झाली. इराणमधल्या क्रांतीचा झटका तेलाच्या भावात पुरता उतरण्याआधीच. म्हणजे तेल फक्त निमित्त उरलं होतं.

कलमबहाद्दर
एक दुरुस्ती. फेडच्या कायद्यात भाव आणि रोजगार ही दुहेरी जबाबदारी १९७७ मध्ये आली. बर्न्स यांनी १९७५ मध्ये दर उतरवले तेव्हा रोजगाराबद्दल १९४६ चा सर्वसाधारण कायदाच होता. आणि आपल्याकडे २०१६ पासून प्राधान्य महागाईला आहे, ४ टक्के, वर-खाली दोन. वाढीकडे ‘लक्ष ठेवून’. फेडचा पेच जसाच्या तसा इथे आणू नका.

रोखठोक
इथे उलट जास्त कडक राहावं लागतं. तेल डॉलरमध्ये घ्यायचं. दर उतरवले आणि रुपया पडला तर तेच पिंप आणखी महाग. सूतगुंता, तुमच्या उपायाने तुमचंच डिझेल वाढेल.

सूतगुंता
रुपया पडला तर माझ्या निर्यातीच्या टॉवेलला चार पैसे जास्त मिळतील, ते पण धरा. दर लगेच उतरवा हे मी मागे घेतो. पण पहिल्या उडीला हात लावू नका, हे कायम. आकडेमोड, भाडं आणि थाळी चढायला लागली हे कळायला तुम्हाला किती महिने लागतात?

आकडेमोड
सहा ते नऊ. आणि वाढवलेला दर बाजारात पुरता उतरायला साधारण वर्ष, कधी जास्त.

जुळेसोलापूर
म्हणजे कळेपर्यंत उशीर, आणि आधीच वाढवला तर कदाचित विनाकारण. आईला यातलं कुठलं सांगू?