मदत हवी आहे: गुणपत्रिका २०० केबीत बसवली की अक्षरं वाचता येत नाहीत

मानेवाडा_एम
भावाच्या भरतीच्या अर्जाला दहावीची गुणपत्रिका जोडायची आहे. फक्त जेपीजी चालते, २०० केबीच्या आत, पुढची आणि मागची बाजू एकाच फाईलमध्ये. मोबाईलवर फोटो काढून GIMP मध्ये सरळ केले आणि शेजारीशेजारी जोडले. फाईल झाली ६००० बाय ४००० पिक्सेल, साडेपाच एमबी. कॉम्प्रेस करणाऱ्या ॲपने ती १८० केबीची केली, पण आईच्या नावावरचा अनुस्वार गेला आणि बैठक क्रमांकातला एक आकडा तीन आहे की आठ, ते कळत नाही. बर्डीवरच्या एका कॅफेत म्हणाले, "सगळ्यांचं असंच जातं, ताई." पण क्रमांकच वाचता आला नाही तर अर्ज बाद व्हायचा. परवा शेवटची तारीख आहे.

धरमपेठकर
पीएनजीत सेव्ह कर. जेपीजीनेच अक्षरांच्या कडा फाटतात. मग नाव बदलून .jpg करायचं.

संत्रानगरी
माझ्या सहीची फाईल उलट १२ केबीच भरते अन् साईट म्हणते कमीत कमी २० पाहिजे. मोठी कशी करायची?

प्रेसवाला_महाल
धरमपेठकर, स्क्रीनशॉट किंवा टाईप केलेला मजकूर असेल तर पीएनजी खरंच चांगली. हा कागदाचा फोटो आहे, त्याची पीएनजी कितीतरी एमबी होईल. आणि नाव बदलून आतली फाईल बदलत नाही, बऱ्याच साईट्स ती ओळखून नाकारतात.

संत्रानगरी, सही मूळ फोटोतून जास्त पिक्सेल ठेवून पुन्हा काप. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू.

ताई, ॲपने दिलेली फाईल किती पिक्सेल रुंद आहे?

मानेवाडा_एम
८००.

प्रेसवाला_महाल
मग तिथेच घोळ आहे. ८०० मध्ये दोन पानं म्हणजे एका पानाला ४००. पान साधारण आठ इंच रुंद धरलं तर इंचाला ५० पिक्सेल, आणि बारीक अक्षराची सगळी उंची पाच-सहा पिक्सेल. अनुस्वाराला एखादा पिक्सेल मिळतो, तोही आजूबाजूच्या रंगात मिसळतो. पानाला निदान १२०० पिक्सेल रुंदी हवी. मागच्या बाजूला काय आहे?

मानेवाडा_एम
वर सूचनांचा एक परिच्छेद, खाली सगळं कोरं.

प्रेसवाला_महाल
मग शेजारी जोडू नका. पुढचं पान पूर्ण घ्या आणि तो परिच्छेद तेवढा कापून त्याच्या खाली लावा. कोऱ्या कागदावर वाया जाणारी रुंदी अक्षरांना मिळेल. ॲपच्या फाईलवर काम नको, तुमची .xcf उघडा. Image > Mode > Grayscale करा, मग Image > Scale Image मध्ये रुंदी १२४०. त्यानंतर File > Export As, नाव .jpg ने संपवा आणि Show preview in image window वर खूण करा. Quality सरकवाल तसा फाईलचा आकार तिथेच दिसतो.

मानेवाडा_एम
केलं. अक्षरं छान दिसतात, पण Quality ६० ला २६० केबी येऊन राहिले. ४० वर नेलं की अक्षरांभोवती करडे ठिपके येतात.

प्रेसवाला_महाल
कागदावर फिकट नक्षी छापलेली आहे का?

मानेवाडा_एम
हो! पानभर बारीक नागमोडी रेघा.

प्रेसवाला_महाल
तुमचे केबी त्या रेघा खातात. जेपीजीला सपाट पांढरं जवळजवळ फुकट पडतं, पण बारीक रेघ अक्षराइतकीच महाग. एक्सपोर्ट रद्द करा. Colors > Levels मध्ये Input Levels खाली तीन त्रिकोण आहेत, त्यातला उजवीकडचा पांढरा त्रिकोण डावीकडे आणा. रेघा अगदी फिकट होतील तिथे थांबा, पार पुसू नका. गोल शिक्का बघत राहा, तोही फिकट असतो आणि अक्षरांच्या आधी उडतो. मग पुन्हा एक्सपोर्ट, आकडा १९० च्या आसपास ठेवा.

मानेवाडा_एम
Quality ७० ला १८४ केबी! शिक्का टिकला. क्रमांकात आठ आहे, मूळ कागदाशी ताडून पाहिलं.

प्रेसवाला_महाल
आता GIMP बंद करून तयार झालेली .jpg उघडा, झूम १०० टक्के ठेवा आणि अनुस्वार, रफार बघा.

धरमपेठकर
पण जांभळा शिक्का करडा झाला ना? रंगीत प्रतच मागितली असेल तर?

मानेवाडा_एम
सूचनेत रंगाबद्दल काहीच लिहिलेलं नाही.

प्रेसवाला_महाल
तर मी एकदा रंगीतही करून बघेन. Grayscale सोडून बाकी सगळं तसंच. Quality थोडी उतरवावी लागेल. तेवढ्यात नाव आणि क्रमांक स्वच्छ वाचता आले तर रंगीत द्या, नाहीतर करडी. तपासणारा रंग बघतो की नाही, हे इथे कोणी तसा अर्ज भरलेला असेल तर त्यानेच सांगावं.

मानेवाडा_एम
रंगीत १९६ केबी, Quality ५५. अनुस्वार दिसतो, पण पुसट. हेल्पलाईन सकाळी दहाला सुरू होते, तेव्हा विचारून मगच अपलोड करते.