मे महिन्यात घसरलेला व्हीओटू मॅक्स

"महिनाभरात घड्याळातला व्हीओटू मॅक्स ४६ वरून ४२ झाला. माझा दम खरंच कमी झालाय का?"

मला तसं वाटत नाही. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं याचा आकडा, पण घड्याळ प्राणवायू मोजतच नाही. जीपीएसवरून वेग घेऊन त्याला किती प्राणवायू लागेल हे सूत्राने काढतं. मग नाडी कमाल नाडीच्या किती टक्के होती, त्यावरून क्षमता ताडतं.

समजा, मरीन ड्राइव्हवर जानेवारीत किलोमीटरला ६ मिनिटांच्या वेगाला तुमचे १५० ठोके पडत होते. मेच्या दमट हवेत घाम सुकत नाही, रक्त त्वचेकडे वळतं आणि त्याच वेगाला १६० पडतात. घड्याळाला ती क्षमतेतली घट वाटते. एसीतल्या ट्रेडमिलवर त्याच वेगाने पंधरा मिनिटं धावून पाहा, ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावून. ठोके १५० जवळ आले तर दोष हवेचाच. आणि सेटिंगमधली कमाल नाडी '२२० वजा वय' अशी आपोआप भरलेली नाही ना, तेही तपासा. ती दहा ठोक्यांनीही चुकू शकते.