आईच्या लघवीच्या रिपोर्टबद्दल मदत हवी आहे

आई ६१ वर्षांची, मधुमेह १२ वर्षांपासून. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिची युरिन रुटीन केली. प्रोटीन १+, पस सेल्स ८-१०, कीटोन १+, शुगर ३+. नायट्राइट निगेटिव्ह. ताप नाही, जळजळ नाही.

पस सेल्सचं मला फारसं वाटत नाही. एपिथेलियल सेल्सही १०-१२ आहेत, म्हणजे बाहेरच्या त्वचेच्या पेशी नमुन्यात मिसळल्या असाव्यात. तिने पहिलीच धार बाटलीत घेतली होती, मधली घ्यायची हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तक्रार नसताना लगेच अँटिबायोटिक सुरू करावं का, की स्वच्छ नमुना देऊन आधी कल्चर करावं?

प्रोटीनचंही तसंच. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०३० आहे, इतक्या दाट लघवीत १+ सहज दिसू शकतं. पण इतका जुना मधुमेह म्हटल्यावर किडनीची शंका येतेच, म्हणून अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो करणार आहे.

खरी धास्ती कीटोनची आहे. उपवासाने येतात हे मान्य, पण ती डापाग्लिफ्लोझिन घेते. शुगर ३+ त्याचीच, कारण ती गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. मात्र या गोळीवर रक्तातली साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, असं वाचलंय. उलटी, पोटदुखी, धाप यांपैकी तिला काही नाही. आज जेवलीय.

डॉक्टरांची वेळ उद्या संध्याकाळची आहे. तोवर थांबावं, की आजच रक्तातले कीटोन तपासावेत? उपवासाच्या दिवशी तुमच्याकडे ही गोळी बंद ठेवायला सांगितलं होतं का?